‘मेहनती आणि प्रामाणिक’ एवढ्यावर भागत नाही

दुपारचे साडेतीन. लंच संपलेला, पास पुसून झालेला. अशा वेळी माझा सू शेफ एक कागद घेऊन आला. ‘‘शेफ, एचआरने अनुभवपत्र दिलंय. कॅनडासाठी चालेल ना?’’

कागदावर चार ओळी होत्या. नाव, रुजू झाल्याची तारीख, शेवटचं पद आणि ‘त्यांची वर्तणूक समाधानकारक होती’. सात वर्षं माझ्या शेजारी उभा राहिलेला हा माणूस त्या कागदात कुठेच नव्हता. मी म्हटलं, ‘‘चालणार नाही. पत्र मी लिहितो.’’

लिहायला बसल्यावर माझंही पहिलं पान वायाच गेलं. मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड असलेला, दडपणाखाली शांत राहणारा. शब्द सगळे खरे होते, पण दहा जणांच्या पत्रांत ते तसेच्या तसे बसले असते. अशी पत्रं मी स्वतः नोकरी देताना वाचली आहेत आणि बाजूला ठेवली आहेत.

या पत्राला दोन वाचक असतात. एक तिकडचा शेफ, ज्याला हा माणूस शुक्रवारी रात्री गर्दीच्या वेळी किचन सांभाळेल का, एवढंच हवं असतं. दुसरा व्हिसा अधिकारी. त्याने आपलं किचन पाहिलेलं नसतं. त्याला अर्जात लिहिलेलं काम या माणसाने खरोखर केलं का, हे तपासायचं असतं. दोघांनाही पुरेल असं एकच पत्र लिहिता येतं, पण ते विशेषणांनी होत नाही.

आधी अधिकाऱ्याचं पाहू. कॅनडाचा इमिग्रेशन विभाग कुशल कामगारांच्या अर्जासाठी अनुभवाचं पत्र मागतो, तेव्हा त्यात काय हवं हे स्पष्ट सांगतो. कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, वरिष्ठाची किंवा एचआरची सही आणि हुद्दा. शिवाय प्रत्येक पद, त्याच्या तारखा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते कामाच्या स्वरूपात. कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणात शेफचा क्रमांक 62200 आहे आणि कुकचा 63200. सू शेफ पहिल्यात येतो. दोन्हीत स्वयंपाक आहे. शेफ मात्र किचनचं काम आखतो, माणसं चालवतो, शिकवतो, माल मागवतो. पत्रात फक्त ‘भारतीय पदार्थ बनवत असे’ लिहिलं, की हुद्दा सू शेफ असला तरी काम कुकचं दिसतं आणि अर्ज अडकतो.

यावर पुष्कळ जण वर्गीकरणातली वाक्यं उतरवून काढतात. तेही अंगाशी येतं, कारण अधिकाऱ्याला ती वाक्यं पाठ असतात आणि पत्रावरचा त्याचा विश्वास उडतो. काम तेच असावं, पण आपल्या किचनच्या शब्दांत सांगितलेलं.

तास लिहिताना माझा सू शेफ म्हणाला, ‘‘सत्तर लिहा ना शेफ, तेवढे तर होतातच.’’ होतात, हे मलाही माहीत आहे. पण रोस्टरवर आणि नेमणूकपत्रात 48 आहेत, मग पत्रातही 48. शिवाय तिकडे अनुभव मोजताना आठवड्याला 30 तासांच्या वरचे तास धरलेच जात नाहीत. फुगवून हाती काही लागत नाही, आणि कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर सगळंच संशयात येतं.

2020चंही तसंच. मार्चअखेरीला हॉटेल बंद झालं. महाराष्ट्रात रेस्टॉरंट उघडायला 5 ऑक्टोबर उजाडला. मधले काही महिने तो बिनपगारी रजेवर होता. कॅनडा फक्त पगारी काम मोजतो. त्याला ते महिने लपवावेसे वाटत होते. मी ते तारखांसह लिहिले. बँकेच्या पासबुकात दिसणारच होते.

आता दुसरा वाचक. शेफला आकडे लागतात, पण सोबत ते कशामुळे झाले हेही लागतं. मी इंग्रजीत लिहिलेल्या पत्रातला भाग मराठीत असा होईल:

‘ऑक्टोबर 2021 पासून ते आमच्या 90 खुर्च्यांच्या रेस्टॉरंटचे सू शेफ आहेत. त्यांच्या हाताखाली 11 जण आहेत: दोन सीडीपी, तीन डीसीडीपी आणि सहा कॉमी. साप्ताहिक रोस्टर आणि रोजचा स्टोअरचा इंडेंट ते करतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी पासवर तेच उभे राहतात. 2022 मध्ये त्यांनी कापलेले मासे घेणं थांबवून अख्खी सुरमई घ्यायला सुरुवात केली, तुकड्यांचं वजन ठरवलं आणि डोकी व काटे रश्शाच्या स्टॉकला वळवले. आठ महिन्यांत आमचा फूड कॉस्ट 34 टक्क्यांवरून 31 वर आला. भाव ठरवण्याचं काम माझं होतं, बाकी त्यांचं.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. तिकडचा शेफ फोन करतो आणि विचारतो, ‘‘ऑर्डर कोण द्यायचं? भाव कोण ठरवायचं?’’ पत्रात सगळं श्रेय त्याला दिलं असतं, तर फोनवर मला अडखळावं लागलं असतं, आणि त्या अडखळण्याची किंमत त्याने मोजली असती.

आणखी एक परिच्छेद थंड करण्याच्या नोंदींवर दिला. इथल्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटेल. मखनी ग्रेव्हीचं 40 लिटरचं पातेलं गरम असतानाच वॉक-इन फ्रीजमध्ये ढकललं, तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. अमेरिकी फूड कोडप्रमाणे शिजलेलं अन्न दोन तासांत 57 अंशांवरून 21 वर आणि एकूण सहा तासांत 5 अंशांवर यायला हवं. माझा सू शेफ ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये ओततो, तापमान मोजतो, वेळेसह वहीत लिहितो. तिकडचा तपासनीस अशीच वही मागतो. ज्याला ही सवय आधीपासून आहे, त्याला नव्याने शिकवावं लागत नाही, म्हणून नोकरी देणाऱ्या शेफच्या नजरेत हे भरतं.

मग उणं. पत्रात उणं लिहू नये असं एचआरचं मत होतं. मी दोन वाक्यं लिहिली: त्याने पेस्ट्री विभागात काम केलेलं नाही, आणि कॉन्टिनेंटल विभागात फक्त चार महिने होता. परदेशात पत्रावर थेट नोकरी मिळत नाही. आधी एखादी शिफ्ट चाचणी म्हणून करावी लागते. सॉस विभागावर उभं करून त्याला गोंधळलेला पाहण्यापेक्षा तंदूर आणि करीच्या किचनमध्ये त्याचं खरं कसब दिसावं, असं मला वाटलं. ही दोन वाक्यं वाचली की बाकीच्या पानावरही विश्वास बसतो.

पगाराचे आकडे मी लिहिले नाहीत. ते एचआरने वेगळ्या पत्रात दिले, कारण ती नोंद त्यांच्याकडेच असते. दोन्ही पत्रांतल्या तारखा आम्ही समोरासमोर बसून ताडून पाहिल्या. एका बढतीची तारीख माझ्या आठवणीत महिनाभर चुकली होती. त्याने जपून ठेवलेलं 2019चं बढतीपत्र काढलं, म्हणून ती सापडली.

तुमच्या घरातलं कोणी किचनमध्ये काम करत असेल, तर त्याला दोन गोष्टी आजच सांगा. प्रत्येक बढतीचं पत्र आणि पगाराची प्रत्येक स्लिप जपून ठेव. आणि शेफकडून पत्र मागायचं ते नोकरीत असतानाच, नोटिशीच्या महिन्यात, कारण शेफही हॉटेल बदलतात आणि जुन्या लेटरहेडवर त्यांना मग सही करता येत नाही.