टीबीची बातमी कशी कळवावी?

आमच्या धाकट्याला टीबी निघाला. गावाकडे आईला व्हॉइस नोट पाठवणार होतो. पण तिचा फोन नातवंडांच्या हातात असतो. नोट घरभर वाजली असती आणि आईचे प्रश्न मनातच राहिले असते. म्हणून धाकट्याला विचारून फोनच केला. आधी विचारलं, "आई, एकटी आहेस ना?" मग सांगितलं, साधारण सहा महिने गोळ्या न चुकवता घेतल्या की बरा होतो. तो नुकताच तिच्याकडे राहून आला होता, म्हणून तिचीही तपासणी हवी होती. दवाखान्याचं नाव आणि वार मात्र मेसेजने पाठवला, विसरायला नको.

मुकादमाला मेसेज केला, "तब्येतीमुळे रजा हवी." आजाराचं नाव लिहिलं नाही, लिहिलेलं चार फोनवर फिरतं. त्याच्या खोलीतल्या सोबत्याला तपासणीसाठी फोन केला.