फार वर्षं दमलात आपण

गेल्या महिन्यात बडोद्याजवळच्या एका जपानी कारखान्यातून मी मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, घड्याळ सगळं रीतसर झालं. मग आमचे तीन जपानी सहकारी पुढे आले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, "नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देश्ता." टाळ्या पडल्या, पण अर्थ फारसा कुणाला कळला नव्हता. म्हणून लिहून नेलेलं भाषण मी खिशातच ठेवलं आणि त्या शब्दांवर बोललो.

'नागाइ आइदा' म्हणजे दीर्घकाळ. पुढच्या शब्दाच्या पोटात 'त्सुकारे' आहे, म्हणजे दमणूक. तिच्या आधी 'ओ' आणि नंतर 'सामा', दोन्ही आदराचे. शेवटच्या 'देशिता'चा उच्चार 'देश्ता' होतो आणि तो भूतकाळ दाखवतो. थोडक्यात, "फार वर्षं दमलात आपण." आभार हा शब्द त्यात कुठेच नाही, तरी हे आभारच आहेत. बाहेरून आल्यावर माझी आई म्हणायची, "दमलास रे, बस जरा." तिनेही कधी 'धन्यवाद' म्हटलं नाही.

जपानमध्ये हे शब्द रोजचे. संध्याकाळी आधी निघणारा "तुमच्या आधी निघतोय, माफ करा" अशा अर्थाचं काही म्हणतो आणि कामात बसलेले हेच उत्तर देतात. दुपारी जिन्यात भेटलात तर मात्र 'देश्ता'ऐवजी 'देस', कारण दिवस अजून संपलेला नसतो.

याच अर्थाचा आणखी एक शब्द आहे, 'गोकुरोसामा'. तरुणपणी प्रशिक्षणासाठी तिकडे गेलो तेव्हा मी तो ऐटीत आमच्या विभागप्रमुखांनाच म्हटला. ते हसले, पण शेजारचा सहकारी पांढराफटक पडला. तो शब्द वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा! म्हणजे मी माझ्या साहेबांना "शाब्बास" म्हणालो होतो.

हे सांगून होईपर्यंत सभागृह हसत होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतले आमचे जुने ऑपरेटर दिसले. ते माझ्या आधी तीन महिने निवृत्त झाले. त्यांना गेटवर एक पुष्पगुच्छ मिळाला आणि मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो. साहेब म्हणून नियमाने मी त्यांना 'गोकुरोसामा' म्हणू शकलो असतो. पण आता जपानमधल्या अनेक ऑफिसांतही खालच्या माणसाला 'ओत्सुकारेसामा'च म्हणतात, आणि नसते म्हणत तरी मी तेच म्हटलं असतं. व्यासपीठावरून उतरलो, त्यांच्यासमोर वाकलो आणि म्हणालो, "नागाइ आइदा, ओत्सुकारेसामा देश्ता."

ते गडबडून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्हीही दमलात."