पुस्तक वाचले की कादंबरी वाचली?

‘सीतेने पुस्तक वाचले.’ या वाक्यातला प्रयोग ओळखायला सांगितला, की वर्गातली बरीच मुले ‘भावे प्रयोग’ असे लिहितात. यामागे त्यांचा विचारही असतो. भावे प्रयोगात क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते हे त्यांनी पाठ केलेले असते, आणि ‘वाचले’ तर तसेच दिसते. मग बाईंनी दिलेल्या उत्तरसूचीत ते पाहतात : ‘४. कर्मणी.’ मुले उत्तर खोडतात, नवे लिहितात आणि पुढच्या चाचणीत ‘त्याने पत्र लिहिले’ आले की पुन्हा ‘भावे’ लिहून येतात.

काही उत्तरसूचींमध्ये स्पष्टीकरणही असते; पण ते असे : ‘क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून कर्मणी प्रयोग.’ ही व्याख्या आहे आणि ती मुलाच्या वहीत आधीच आहे. या वाक्यात क्रियापद बदलताना त्याला दिसलेच नव्हते, अडचण तिथे होती. त्याला हवे आहे ते असे :

‘४. कर्मणी. कर्म बदलून पाहा : सीतेने कादंबरी वाचली. क्रियापद कर्मामागून गेले. “पुस्तक” नपुंसकलिंगी असल्यामुळे “वाचले” हे भावे प्रयोगासारखे भासते.’

दोन ओळींत तीन गोष्टी आल्या : उत्तर, स्वतः करून पाहता येईल अशी कसोटी, आणि चूक कुठून आली याचा पत्ता. प्रत्येक प्रश्नाला तिन्ही लागतातच असे नाही. ‘मुले मैदानावर खेळतात’ याला ‘कर्तरी. मुलगी खेळते, मुले खेळतात’ एवढे पुरे. मात्र कसोटी सगळीकडे हवी, कारण मुलाला पुढच्या वाक्यावर वापरता येते ती तीच.

प्रयोगाच्या स्वाध्यायात कसोटी एकच असते. आधी कर्त्याचे लिंग किंवा वचन बदला, मग कर्माचे. क्रियापद कर्त्याबरोबर हलले तर कर्तरी, कर्माबरोबर हलले तर कर्मणी, आणि कोणाच्याच मागे गेले नाही तर भावे. ‘शिपायाने चोराला पकडले’ घ्या. ‘शिपायांनी चोरांना पकडले’, ‘मुलीने मांजरीला पकडले’ : क्रियापद जागचे हलत नाही, म्हणून भावे. तेच वाक्य ‘शिपायाने चोर पकडला’ असे लिहिले, की ‘शिपायाने टोळी पकडली’ होते आणि प्रयोग कर्मणी ठरतो. ही दोन्ही वाक्ये एकाच स्वाध्यायात शेजारी ठेवावीत आणि स्पष्टीकरणात तो एक ‘ला’ दाखवून द्यावा.

उत्तरसूचीसाठी बदललेले वाक्य निवडताना शिक्षकाने थोडे जपायला हवे. ‘राम आंबा खातो’ यात कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी एकवचनी आहेत. इथे ‘श्याम पेरू खातो’ असे उदाहरण दिले तर काहीच सिद्ध होत नाही. ‘सीता आंबा खाते’ दिले की एका फटक्यात काम होते. बदल नेहमी लिंगाचा किंवा वचनाचा हवा. नुसते नाव बदलून भागत नाही.

‘मी आंबा खाल्ला’ हे आणखी एक हमखास चुकणारे वाक्य. कर्त्याला ‘ने’ नाही, म्हणून मुले ‘कर्तरी’ लिहितात. इथे स्पष्टीकरण त्या ‘ने’वरच बोट ठेवून लिहावे : ‘कर्मणी. मी चिंच खाल्ली. मुलगा म्हणो की मुलगी, “मी आंबा खाल्ला” हेच वाक्य राहते. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना “ने” दिसत नाही, म्हणून प्रत्ययापेक्षा क्रियापदाकडे पाहा.’

उलट्या बाजूने फसवणारे वाक्य म्हणजे ‘तो धडा शिकला’. भूतकाळ आहे, कर्म आहे, म्हणजे कर्मणी, असा मुलांचा सरळ हिशेब. पण ‘ती धडा शिकली’ आणि ‘तो कविता शिकला’ ही दोन वाक्ये ठेवली की दिसते, क्रियापद कर्त्याचेच ऐकते. ‘शिकणे’, ‘बोलणे’, ‘विसरणे’ यांसारखी काही क्रियापदे भूतकाळात कर्म असूनही कर्तरी राहतात. हे इथे एका ओळीत जरूर सांगावे. अपवाद लपवून केलेल्या उत्तरसूचीवर हुशार मुलांचा विश्वास राहत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता जिथे उत्तरसूचीने काही केले तरी भागत नाही अशी वाक्ये. ‘तू कविता म्हटलीस’ यात ‘म्हटली’ कवितेमागून आले आणि शेवटचा ‘स’ तू मुळे. कर्म बदलून पाहा : ‘तू श्लोक म्हटलास.’ ‘स’ टिकला, बाकीचे रूप बदलले. हा कर्तृ-कर्मसंकर. वर्गात संकर शिकवला नसेल तर या वाक्याचे स्पष्टीकरण दोन ओळींत मावणार नाही, आणि तेवढ्यात मावत नाही म्हणजे प्रश्नच त्या स्वाध्यायात नको होता. असा प्रश्न काढून टाकावा.

‘मला आंबा आवडतो’ याचे दुखणे वेगळे. ‘आवडणारा कोण?’ असे विचारून कर्ता शोधायला शिकवले असेल तर कर्ता आंबा आणि प्रयोग कर्तरी. ‘मला चिंच आवडते’ असे होते ते चिंच कर्ता आहे म्हणून. पण ज्याला अनुभव येतो त्याला कर्ता मानणारी मांडणीही आहे, आणि तिच्यात उत्तर बदलते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यातही अशा जागी आधीच्या व्याकरणकारांची मते देऊन वाद घातलेला आहे. म्हणून असा प्रश्न ठेवायचाच असेल तर उत्तरसूचीत मांडणी सांगावी : ‘आपण “-णारा कोण” या पद्धतीने कर्ता शोधतो, त्यानुसार कर्तरी.’ दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाने वेगळे उत्तर कारणासह लिहिले तर त्याला गुण द्यायचे की नाही, हेही तिथेच लिहून ठेवावे. दोन तुकड्या दोन शिक्षक तपासत असतील तर याची गरज आणखी वाढते.

काही बारीक गोष्टी. ‘वरीलप्रमाणे’ किंवा ‘प्रश्न ३ पाहा’ असे लिहू नये, कारण मूल उत्तरसूची सलग वाचत नाही. आपले चुकलेलेच प्रश्न शोधते. क्रमांकासोबत मूळ वाक्यही छापावे. पुढच्या वर्षी वाक्यांचा क्रम बदलला आणि उत्तरसूची जुनीच राहिली, तर निदान ते लगेच लक्षात येते. आणि सगळ्या स्पष्टीकरणांत शब्द एकच वापरावेत : एकीकडे ‘क्रियापद बदलते’, दुसरीकडे ‘अन्वय कर्माशी’ असे लिहिले की मुलाला ते दोन नियम वाटतात.

उत्तरसूची पुरी झाली की तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी सहकाऱ्याला फक्त कोरा स्वाध्याय सोडवायला द्यावा. त्याचे उत्तर जिथे वेगळे येईल तिथे एक तर वाक्य संदिग्ध आहे किंवा उत्तरसूची चुकली आहे. मग दोन-चार मुलांना उत्तरसूची वाचायला द्यावी आणि स्वाध्यायात नसलेली वाक्ये पुढे करावीत : ‘आईने दार उघडले’, ‘मी पत्ता विसरलो’, ‘मामांनी बैलांना धुतले’. पहिल्या वाक्यावर मुलाने आपण होऊन ‘आईने खिडकी उघडली’ म्हणून पाहिले, तर चौथ्या प्रश्नाचे स्पष्टीकरण तसेच राहू द्यावे. ‘भावे’ असे उत्तर आले, तर त्या दोन ओळी पुन्हा लिहायला घ्याव्यात.