तीन टीबीची डिस्क ७४६ जीबी का दाखवते?

लग्नाचे फोटो काढणारा माझा एक मित्र गेल्या वर्षी घाईघाईने घरी आला. तीन टीबीच्या हार्ड डिस्कवर त्याचं चार वर्षांचं काम होतं. डेस्कटॉपमधून ती काढून त्याने जुन्या यूएसबी डॉकमध्ये बसवली आणि लॅपटॉपला जोडली. विंडोज म्हणत होतं, डिस्क ७४६ जीबीची आहे, तिच्यावर काहीच नाही आणि वापरायची तर आधी `Initialize Disk` करा.

"ओके दाबू का?" त्याने विचारलं.

"हातसुद्धा लावू नकोस," मी म्हटलं. फोटो जागच्या जागी होते, चुकला होता तो हिशेब. हा हिशेब डिस्कवर कुठे आणि कसा लिहिलेला असतो, ते एकदा कळलं की असा प्रसंग आला तरी चुकीचं बटण दाबलं जात नाही.

संगणकाच्या दृष्टीने डिस्क म्हणजे सेक्टरांची एक लांबच लांब रांग. प्रत्येक सेक्टर बहुधा ५१२ बाइटचा, आणि क्रमांक शून्यापासून सुरू. आपण सी आणि डी ड्राइव्ह पाडतो तेव्हा मध्ये कुठेही बांध घातला जात नाही. कोणता भाग कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती सेक्टरांचा आहे, एवढीच नोंद डिस्कच्या सुरुवातीला होते. ही नोंदवही म्हणजे पार्टिशन टेबल. तिच्या दोन पद्धती आज चालतात: जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी.

एमबीआर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. ती १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. त्याच वर्षीच्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्क होती १० एमबीची. सगळी एमबीआर शून्य क्रमांकाच्या एकाच सेक्टरात मावते. पहिल्या ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम, पुढच्या ६४ बाइटांत टेबल आणि शेवटच्या दोन बाइटांत `55 AA` ही खूण. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी फक्त चार. विंडोज ७ बसवलेल्या डिस्कवर पहिली नोंद बहुधा अशी दिसायची:

```
80 20 21 00 07 DF 13 0C 00 08 00 00 00 20 03 00
```

सुरुवातीचा `80` सांगतो की संगणक या भागातून सुरू करायचा आहे. `07` ही एनटीएफएस प्रकाराची खूण. खरं महत्त्व शेवटच्या आठ बाइटांना. त्यांतले पहिले चार `00 08 00 00`. हे बाइट मागून पुढे वाचायचे असतात. तसे वाचले की २०४८ हा आकडा मिळतो, म्हणजे भाग २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतो. उरलेले चार त्याची लांबी सांगतात: २,०४,८०० सेक्टर, म्हणजे १०० एमबी.

लांबीसाठी जागा चारच बाइटांची, आणि अडचण इथेच आहे. चार बाइटांत मावणाऱ्या वेगवेगळ्या संख्या ४,२९,४९,६७,२९६. तेवढे सेक्टर गुणिले ५१२ बाइट म्हणजे विंडोजच्या मोजणीने २०४८ जीबी. मित्राच्या डिस्कवर ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर होते. वजाबाकी केली की उरतात १,५६,५५,६५,८७२ सेक्टर, आणि त्यांचे होतात साधारण ७४६ जीबी.

पण त्याची डिस्क एमबीआरची नव्हती. त्याच चार बाइटांची टंचाई डॉकमधल्या जुन्या चिपमध्ये होती. स्कूटरचा मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतो, तशी त्या चिपची मोजणी एक फेरी पुरी करून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि उरलेली बाकीच तिने डिस्कचा आकार म्हणून सांगितली. दोन्ही दुखण्यांत ७४६ हाच आकडा दिसतो, पण ती वेगळी ओळखता येतात. दोष एमबीआरचा असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबी आणि ७४६ जीबी असे दोन तुकडे दिसतात. दोष डॉकचा असेल तर ७४६ जीबीचीच डिस्क दिसते.

मित्राची डिस्क जीपीटीची होती. ही पद्धत इंटेलच्या ईएफआय प्रकल्पातून आली. त्याच ईएफआयला पुढे यूईएफआय म्हणू लागले. जीपीटीत सेक्टरचा क्रमांक चारऐवजी आठ बाइटांत लिहितात. शून्य सेक्टरात एक नाममात्र एमबीआर असते. तिच्यातली `EE` प्रकाराची एकच नोंद जुन्या प्रोग्रामना सांगते की डिस्क भरलेली आहे, हात लावू नका. पहिल्या सेक्टरात `EFI PART` या अक्षरांनी सुरू होणारं शीर्षपत्र असतं आणि दोन ते तेहेतीस या सेक्टरांत १२८ नोंदींची जागा.

या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला ठेवतात, आणि ती कितव्या सेक्टरात आहे ते शीर्षपत्रात लिहिलेलं असतं. इथे शीर्षपत्र सांगत होतं, दुसरी प्रत ५,८६,०५,३३,१६७व्या सेक्टरात आहे. डॉक सांगत होता, डिस्क त्याच्या कितीतरी आधीच संपते. ताळा जमेना, म्हणून विंडोजने टेबल नाकारलं. ओके दाबलं असतं तर सुरुवातीच्या टेबलावर नवं कोरं टेबल लिहिलं गेलं असतं, आणि जीपीटी निवडली असती तर त्याची दुसरी प्रत ७४६ जीबीच्या खोट्या टोकाला, म्हणजे ऐन फोटोंच्या मधोमध, जाऊन बसली असती.

संगणक सुरू होतानाही दोन्ही पद्धतींची वाट वेगळी असते. जुनं बायॉस शून्य सेक्टर मेमरीत घेतं, शेवटी `55 AA` आहे का पाहतं आणि ते ४४६ बाइट चालवतं. तो प्रोग्राम सहसा `80` खूण असलेला भाग शोधतो आणि त्याच्या पहिल्या सेक्टरातला पुढचा प्रोग्राम उचलतो. लिनक्सचा ग्रब एवढ्या जागेत मावत नाही, म्हणून त्याचा मोठा हिस्सा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या सेक्टरांत ठेवतात. त्या जागेची नोंद टेबलात नसते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तिथे काही लिहिलं की संगणक सुरू होणं थांबतं.

यूईएफआय शून्य सेक्टरातला प्रोग्राम चालवतच नाही. ते जीपीटी वाचतं, ईएफआय सिस्टम पार्टिशन नावाचा छोटा भाग शोधतं आणि त्यातली एक साधी फाइल चालवतं. विंडोजसाठी ती `\EFI\Microsoft\Boot\bootmgfw.efi` असते. बूटलोडर असा नाव-पत्ता असलेल्या फाइलमध्ये असल्यामुळे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्सचे बूटलोडर शेजारी शेजारी राहतात. यूईएफआयने सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर मात्र एमबीआरची डिस्क नाकारतो. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे ते पॉवरशेलमध्ये `Get-Disk` लिहिलं की `Partition Style` या रकान्यात दिसतं.

मित्राची डिस्क आम्ही परत डेस्कटॉपच्या साटा केबलला जोडली. २७९४ जीबी दिसले आणि सगळे फोटोही. आधी त्याला त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली, कारण जीपीटीची दुसरी प्रत फक्त टेबल वाचवते, फोटो नाही. मग एक छोटं काम केलं. जीपीटीच्या प्रत्येक नोंदीत भागाच्या नावासाठी ७२ बाइट राखलेले असतात आणि ते युनिकोडमध्ये लिहितात, म्हणजे देवनागरीही चालते. आम्ही लिहिलं, 'लग्नाचे फोटो'. काना-मात्रा, हलन्त आणि मधली मोकळी जागा धरून २४ बाइट लागले.