आंबा विक्रीचं फेसबुक पेज: चाव्या कोणाकडे, पोस्ट कधी, मेसेजला उत्तर कोण देणार?

*सभासदांसाठी माहिती संदेश*



बागांमध्ये मोहोर धरला आहे. थोड्याच दिवसांत पेट्या निघायला लागतील. आपले काही गट थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला पेटी पाठवतात आणि त्यासाठी फेसबुक पेज काढावं का, असं कार्यालयात विचारतात. पेज काढायला दहा मिनिटं लागतात, पण ऐन हंगामात ते नीट चालायचं तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या सोप्या करून खाली दिल्या आहेत. संदेश थोडा मोठा आहे, सवडीने वाचा आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून करा.

*आधी एक फरक समजून घ्या*

आपलं स्वतःचं फेसबुक खातं म्हणजे प्रोफाइल. गटाचं दुकान म्हणजे पेज. प्रोफाइलवर ५००० च्या पुढे मित्र जोडता येत नाहीत. शिवाय दुसऱ्याला काम द्यायचं तर त्याला आपला पासवर्ड द्यावा लागतो. पेजचं तसं नाही. प्रत्येकजण आपापल्या खात्यातून, आपापल्या फोनवरून पेजचं काम करू शकतो. पासवर्ड कोणी कोणाला द्यायचा नाही.

पेज काढताना फेसबुक ॲपमध्ये तीन रेषांच्या मेन्यूत जा, Pages उघडा आणि Create दाबा. नाव गटाचंच ठेवा, गावाच्या नावासकट. एकट्याच्या नावाने काढलेलं पेज पुढे गटाचं म्हणून चालवताना भांडणं होतात. फोन नंबरही गटाच्या कामासाठी ठेवलेला द्या.

*१. चाव्या कोणाकडे*

समजा, बारा बागायतदारांचा गट आहे. गटातल्या एका तरुणाने हौसेने पेज काढलं. एप्रिलमध्ये त्याला नोकरीचा कॉल आला किंवा त्याचा फोन हरवला, खातं बंद पडलं. आता पेजवर मेसेज येताहेत, पण आत जायला कोणीच नाही. नवं पेज काढलं तरी जुन्या पेजवरचे गिऱ्हाईक आपोआप तिकडे येत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी चाव्या वाटून घ्या.

पेजच्या Settings मध्ये Page access शोधा. ॲपची मांडणी अधूनमधून बदलते आणि फोन मराठीत असेल तर नावंही मराठीत दिसतील, पण हा भाग असतोच. तिथे दोन प्रकारे माणसं जोडता येतात.

पहिला प्रकार Full control, म्हणजे मालकाची चावी. ही ज्याच्याकडे आहे तो कोणालाही पेजवरून काढू शकतो, ज्याने पेज काढलं त्यालाही. तो आख्खं पेज बंदसुद्धा करू शकतो. त्यामुळे ही चावी एकाकडेच ठेवणं धोक्याचं आणि सगळ्यांना देणंही धोक्याचं. दोघांना द्या: गटप्रमुख आणि सचिव.

दुसरा प्रकार Task access, म्हणजे नेमून दिलेल्या कामापुरती चावी. फोटो आणि पोस्ट टाकणाऱ्याला फक्त Content द्या. मेसेजला उत्तर देणाऱ्याला Messages आणि कमेंटसाठी Community activity द्या. Ads कोणालाच देऊ नका, गटाने जाहिरातीचा खर्च ठरवला तरच द्या. ही माणसं Meta Business Suite या ॲपमधून काम करतील, ते त्यांच्या फोनवर घ्यायला सांगा.

जोडलेल्या माणसाला आमंत्रण जातं, त्याने ते स्वीकारल्याशिवाय काम सुरू होत नाही. "मला काही दिसत नाही" अशी तक्रार आली की आधी तेच बघा. कोणी गटातून बाहेर पडला तर त्याच दिवशी त्याचं नाव Page access मधून काढा. आणि मालकाची चावी असलेल्या दोघांनी आपापल्या खात्याला Two-factor authentication लावून घ्या, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून कोणाला आत शिरता येणार नाही.

*२. पोस्ट कधी*

हंगामात दिवसभर तोडणी, प्रतवारी, पेटी भरणं चालू असतं. तेव्हा पोस्ट लिहायला बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणून रविवारी रात्री अर्धा तास बसून आठवड्याच्या पोस्ट वेळ लावून ठेवायच्या. Meta Business Suite मध्ये पोस्ट लिहून झाली की लगेच Publish दाबू नका, Schedule निवडा आणि तारीख-वेळ द्या. ठरलेल्या वेळी पोस्ट आपोआप जाते. लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट Planner मध्ये कॅलेंडरसारख्या दिसतात. तिथूनच त्या बदलता येतात, पुढे ढकलता येतात, काढून टाकता येतात.

पण इथेच गट फसतात. लावून ठेवलेल्या पोस्टला बागेत काय झालं ते कळत नाही. समजा रविवारी पोस्ट लावली: "शनिवारी सकाळी गाडी पुण्यात." बुधवारी अवकाळी पाऊस झाला, दोन दिवस तोडणी थांबली. शुक्रवारी संध्याकाळी पोस्ट आपली वेळेवर गेली. शनिवारी लोक पिशवी घेऊन ठरल्या जागी उभे, गाडी मात्र गावातच. आगाऊ पैसे दिलेलं गिऱ्हाईक अशा वेळी फसवणूक झाली असंच समजतं.

म्हणून पोस्टचे दोन भाग करा.

न बदलणारी माहिती लावून ठेवा. जसं की पेटी घरी आल्यावर फळं कशी पसरून ठेवायची, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवू नये, अढीत पिकवलेलं फळ कसं ओळखायचं, कोणत्या शहरात पेटी कुठे मिळते.

बदलणारी माहिती कधीच लावून ठेवू नका. भाव, शिल्लक पेट्या आणि गाडीचा दिवस त्या त्या दिवशी हातानेच टाका. भावाच्या पोस्टमध्ये तारीख लिहाच, कारण पोस्ट लोकांना दोन-चार दिवसांनीही दिसते आणि ते जुन्या भावाने पेटी मागतात.

आणि एक नियम: गाडीचा किंवा तोडणीचा दिवस जो बदलेल, त्यानेच पोस्टवाल्याला फोन करायचा. पोस्टवाल्याने त्याच वेळी Planner उघडून या बदलात चुकीची ठरेल अशी एखादी पोस्ट लागली आहे का ते बघायचं.

*३. मेसेजला उत्तर*

दिवसभर फोन हातात धरून बसू नका. दोन वेळा ठरवा, समजा सकाळी १० आणि संध्याकाळी ७, प्रत्येकी अर्धा तास. मधल्या वेळेसाठी Inbox मधल्या Automations मध्ये Instant reply चालू करा. नव्या गिऱ्हाईकाच्या पहिल्या मेसेजला हे उत्तर आपोआप जातं. त्यात एवढं लिहिलं तरी पुरे:

"नमस्कार. आम्ही सध्या बागेत आहोत. सकाळी १० आणि संध्याकाळी ७ नंतर उत्तर देतो. पेटी हवी असल्यास नाव, शहर, किती डझन आणि फोन नंबर लिहून ठेवा."

यामुळे आपण बसतो तेव्हा निम्मी माहिती आधीच आलेली असते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं Saved replies मध्ये साठवा. फक्त त्यात भाव लिहून ठेवू नका, नाहीतर जुनाच भाव जात राहील.

बसल्यावर प्रत्येक मेसेजचं तीनपैकी एक करायचं.

नुसती चौकशी असेल तर उत्तर द्या आणि Done करा, म्हणजे तो मेसेज समोरून हलतो.

मागणी असेल तर आधी वहीत उतरवा: अनुक्रमांक, नाव, शहर, डझन, फोन, आगाऊ रक्कम. मग गिऱ्हाईकाला तोच क्रमांक कळवा: "तुमची मागणी क्र. ४७, ५ डझन, पुणे." त्यानंतरच Done. वही एकच ठेवा. फोनवरच्या मागण्या वेगळ्या आणि पेजवरच्या वेगळ्या लिहिल्या की पेट्या कमी पडतात.

तक्रार असेल तर Done करू नका, Follow up लावा. आंबा कापल्यावर आत साका निघाला, तर मेसेजवालीने वाद घालायचा नाही आणि पैसे परत देण्याचं कबूलही करायचं नाही. एवढंच लिहायचं: "पेटीवरचा नंबर आणि कापलेल्या फळाचा फोटो पाठवा. गटप्रमुख उद्या दुपारी १२ पर्यंत तुम्हाला फोन करतील." पेटीच्या नंबरवरून कोणत्या बागेचा माल ते कळतं. झोपण्याआधी Follow up मधले सगळे गटप्रमुखाला कळवायचे.

सांगितलेली नीट चालते आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. संध्याकाळच्या बैठकीनंतर Inbox मध्ये फक्त Follow up वालेच उरले पाहिजेत. दुसरे मेसेज साचत असतील तर माणूस कमी पडतोय. एक वेळ दुसऱ्याला वाटून द्या.

कमेंटमध्ये कोणी भाव विचारला तर तिथेच उघड सांगा. पण कोणी स्वतःचा फोन नंबर किंवा पत्ता कमेंटमध्ये टाकला तर ती कमेंट Hide करा आणि मेसेजमध्ये बोला. असे नंबर उचलून भामटे गटाच्या नावाने फोन करतात आणि आपला क्यूआर कोड पाठवून पैसे घेतात. म्हणून पेजवर सगळ्यात वर एक पोस्ट कायम Pin करून ठेवा: पैसे फक्त गटाच्या नावाच्या खात्यावर भरा, पैसे भरताना दिसणारं नाव तपासा.

*मेसेजवालीला हे जरूर सांगा*

"तुमच्या पेजविरुद्ध तक्रार आहे, २४ तासांत बंद होईल, या लिंकवर जा" असे मेसेज Inbox मध्ये येतात. नाव, चिन्ह अगदी फेसबुकचं असतं. पण फेसबुक अशी नोटीस गिऱ्हाईकासारखा मेसेज करून देत नाही. लिंक उघडू नका, पासवर्ड टाकू नका. खरी नोटीस असेल तर ती पेजच्या आत, Support Inbox मध्ये दिसते. मालकाची चावी असलेल्याने तिथे जाऊन बघावं.

पहिली पेटी निघण्याआधी दोन चाव्या, कामाची दोन माणसं, Instant reply आणि वही एवढं तयार ठेवा. अडलं तर कार्यालयीन वेळेत गटातले दोघे-तिघे आपापले फोन घेऊन या, समोर बसून करून देऊ. पासवर्ड आणि ओटीपी मात्र तुम्हीच टाका. तो कार्यालयातही कोणाला सांगू नका.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी