व्हिसा नाकारला, पण चूक कुणाची?

परदेशी शिक्षणासाठी मुलाला पाठविताना घरातील मोठी माणसे पैशाची जुळवाजुळव करतात आणि कागदपत्रांचे काम सल्लागाराच्या हाती सोपवितात. व्हिसा नाकारला गेला की सल्लागाराचे उत्तर ठरलेले असते : “व्हिसा देणे न देणे त्या देशाच्या हाती, आमची फी परत मिळत नाही.” या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र प्रत्येक वेळी खरा नसतो. नकार कोणत्या कारणाने आला आणि ते काम कोणाच्या अंगावर होते, यावर तो अवलंबून असतो.

हे समजण्यासाठी एक कल्पित, परंतु नित्य घडणारे उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्ह्यातील वाशी येथील एका व्यापारी कुटुंबातील मुलाला ब्रिटनमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला. पुण्यातील सल्लागाराने साठ हजार रुपये फी आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे एकूण ७०,८०० रुपये घेतले. करारात लिहिले होते : कागदपत्रांची छाननी, अर्ज भरणे व सादर करणे. खर्चाची रक्कम वडिलांच्या बचत खात्यात दाखवायची होती. शेतमालाचे व दुकानाचे पैसे जमा होऊन आवश्यक शिल्लक ५ जूनला पूर्ण झाली.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा नियम असा की आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे. एक दिवसही शिल्लक त्याखाली उतरता कामा नये. शिवाय या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील, तर नाते दाखविणारा जन्मदाखला आणि हे पैसे मुलाच्या शिक्षणासाठी वापरण्यास संमती असल्याचे पत्र जोडावे लागते. दाखला केवळ मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही हवे.

सल्लागाराच्या कार्यालयाने २८ जूनपर्यंतचे खातेउतारे मागविले आणि ३० जूनला अर्ज सादर केला. ५ जून ते २८ जून हे दिवस मोजले तर ते २४ भरतात. २८ दिवस २ जुलैला पूर्ण होत होते. म्हणजे केवळ चार दिवस थांबून नवा उतारा काढला असता, तर अट पुरी झाली असती. वडिलांनी व्हॉट्सॲपवर विचारले होते, “आणखी थांबावे का?” उत्तर आले, “चालेल, आजच भरू.” संमतिपत्राचा तर विषयच निघाला नव्हता. नकारपत्रात हीच दोन कारणे आली : रक्कम पूर्ण मुदतीत राहिल्याचे दिसत नाही आणि वडिलांची संमती जोडलेली नाही.

अशा वेळी पहिले काम म्हणजे नकारपत्र शांतपणे वाचणे. कीर्दीतील नोंद जशी खतावणीशी ताडून पाहावी, तसे प्रत्येक कारणासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता कागद, तो मिळविणे किंवा तपासणे कोणाचे काम होते, आणि त्याचा पुरावा कोणता. वरील उदाहरणात दोन्ही कारणे छाननीच्या कामात येतात. छाननीसाठीच फी दिली होती, हे करार व पावतीवरून सिद्ध होते. थांबू नका, असा सल्ला कोणी दिला, हे संदेशावरून. म्हणून सादर झालेल्या अर्जाची संपूर्ण प्रत, सल्लागाराने दिलेली कागदपत्रांची यादी, ईमेल आणि संदेश प्रथम जपून ठेवावेत. अर्जाची प्रत सल्लागाराकडेच असेल, तर ती लेखी मागावी.

नकाराचे कारण वेगळे असेल, तर चित्र पालटते. मुलाखतीत मुलाला आपल्या अभ्यासक्रमाविषयी समाधानकारक सांगता आले नाही, किंवा पूर्वीचा एखादा नकार कुटुंबाने सल्लागारापासून लपविला, तर फीची मागणी टिकणे कठीण असते. आणि सल्लागाराने खोटा कागद घातला असेल, तर ती निव्वळ चूक राहत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या कारणाने दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. अशा वेळी पोलिसांकडे जाणेच योग्य.

दुसरे काम म्हणजे मागणीचा हिशेब. सल्लागाराला दिलेले ७०,८०० रुपये आणि वाया गेलेले व्हिसा अर्जशुल्क त्याच्याकडे मागता येते. आरोग्य अधिभार मात्र नकारानंतर ब्रिटनचे सरकार स्वतःच परत करते, आणि विद्यापीठाची अनामत विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे मागायची असते. या रकमा सल्लागाराच्या नावे टाकल्या, तर खरी मागणीही संशयास्पद ठरते.

नंतर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पत्र पाठवावे. पत्र दीर्घ नको. “आपण २४ दिवसांचा उतारा पुरेसा मानून ३० जूनला अर्ज सादर केला; संमतिपत्र मागितले नाही; नकारपत्रात हीच कारणे आहेत; सबब फी व अर्जशुल्क पंधरा दिवसांत परत करावे,” एवढे पुरे. पत्राला नकारपत्र, पावती आणि संदेशाचे चित्र जोडावे. या काळात सल्लागार थोडी रक्कम देऊन “संपूर्ण व अंतिम पूर्तता” अशा कागदावर सही मागतो. त्या सहीने उरलेला हक्क सहसा संपतो. रक्कम मान्य नसेल तर सही करू नये.

दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. निष्काळजीपणे केलेले काम या कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ आहे. त्रुटीयुक्त सेवेचा मोबदला पावतीतील मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरू शकते. “व्हिसाची हमी नाही” हे करारातील कलम निकालाविषयी आहे. दिवस मोजण्यातील हलगर्जीला ते ढाल होत नाही. “वाद फक्त पुण्याच्या हद्दीत” असे कलम दाखविले जाते. परंतु कलम ३४ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे वाशीच्या कुटुंबाला धाराशिवच्या जिल्हा आयोगात जाता येईल. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरूनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायद्याला निकाल तीन महिन्यांत अपेक्षित असला, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तडजोडीचा प्रयत्न करून पाहता येतो.

ही लढाई चालू असताना मुलाचे सत्र मात्र थांबत नाही. २८ दिवस पूर्ण झालेला उतारा, संमतिपत्र आणि भाषांतरित दाखला जोडून नवा अर्ज करता येतो. त्यात पूर्वीचा नकार न लपविता नमूद करावा लागतो. आणि या वेळी दिवस बोटांवर नव्हे, तर दिनदर्शिका समोर ठेवून, उताऱ्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत घरातल्याच कोणीतरी मोजावेत. चार दिवसांची ती चूक तिथेच उघडी पडली असती.