डाग थांबले, धोका वाढला

लॅब्रॅडॉर कुत्री माजावर आली की घरच्यांचं लक्ष फरशीवरच्या लाल डागांकडे असतं. समजा, 1 तारखेला पहिला थेंब दिसला. योनीमुख सुजतं, ती सारखी चाटत बसते. गल्लीतले कुत्रे फाटकाशी जमतात, पण ती त्यांच्यावर गुरकावते. साधारण नऊ-दहा दिवसांनी रक्त फिकट, गवती रंगाचं होतं आणि घरचे म्हणतात, ‘संपलं एकदाचं!’

नेमकी चूक इथेच होते. बाईच्या पाळीशी तुलना केल्यामुळे ती होते. कुत्रीचं रक्त बीज बाहेर पडण्याआधी येतं. डाग फिके झाले, सूज मऊ पडली आणि कमरेवर हात ठेवताच तिने शेपटी बाजूला वळवली, की गर्भधारणेचे दिवस आले असं समजावं. ते बहुधा 9 ते 15 तारखेच्या आसपास येतात, पण काहींत बरेच आधी किंवा उशिरा. शिवाय नराचं वीर्य तिच्या शरीरात पाच-सहा दिवसही टिकतं, म्हणून आधीची भेटही महागात पडते.

त्यामुळे पहिल्या डागापासून किमान तीन आठवडे, आणि नर तिच्यामागे येणं थांबेपर्यंत, तिला मोकळं सोडू नये. फिरणं थोडक्यात, भटके कुत्रे सुस्त असतील अशा वेळी, आखूड पट्ट्याने. लघवीचा वास माग काढून देतो; शक्य असल्यास गाडीने दूर नेऊन फिरवावं. डायपरने फरशी वाचते, कुत्री नाही.

नंतरच्या दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.